वीस हजारांची रेघ

२५ डिसेंबर १९९७ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन लेख लागोपाठ छापून आले. पहिला १८६९ व्या पानावर संपतो आणि दुसरा १८७० व्या पानावर सुरू होतो. दोन्ही एकाच आजाराच्या रुग्णांविषयी आहेत: केमोथेरपी घेणारे रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे रुग्ण. दुसऱ्या लेखात इटलीतल्या डॉक्टरांनी विचारले होते की रक्तस्राव होत नसलेल्या माणसाला प्लेटलेट्स नक्की किती खाली आल्यावर द्यायच्या. पहिल्यात अमेरिकी डॉक्टरांचा प्रश्न होता की काही जणांना पिशवीमागून पिशवी चढवूनही प्लेटलेट्स वाढत का नाहीत. दोन्ही प्रश्न एकाच वॉर्डातून आले होते, आणि तेही चाळीस वर्षे आधी. त्यामुळे गोष्ट तिथूनच सांगावी लागते.

वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ साली एमिल फ्रायराइख नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. त्याच्याकडे ल्युकेमियाच्या मुलांचा वॉर्ड आला. त्या काळी ही मुले बहुतेक रक्तस्रावानेच जात. नाकातून, हिरड्यांतून, आतड्यांतून रक्त वाहायचे. चादरी, उशा, परिचारिकांचे कपडे लाल व्हायचे. या मुलांच्या रक्तात गोठण्याला अडवणारा हेपॅरिनसारखा काही पदार्थ असावा, असे तेव्हा पुष्कळांना वाटत होते. फ्रायराइखला ते पटेना. मुलांच्या रक्तात प्लेटलेट्स जवळपास नाहीतच, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. त्याने निरोगी रक्तातल्या प्लेटलेट्स मुलांच्या रक्तात परीक्षानळीतच मिसळून पाहिल्या आणि गोठण्यातला दोष सुधारला. गोठणे अडवणारे काही असते, तर तसे झाले नसते.

मुळात कल्पना नवी नव्हती. १९१० साली बोस्टनमध्ये विल्यम ड्यूक याने प्लेटलेट्स अतिशय कमी असलेल्या रुग्णांना दात्याचे रक्त थेट दिले होते. प्लेटलेट्स वाढल्या, रक्त थांबले आणि काही दिवसांनी प्लेटलेट्स पुन्हा उतरल्यावर परत वाहू लागले. पण रक्तपेढ्या आल्या, रक्त काचेच्या बाटल्यांत भरून शीतकपाटात ठेवले जाऊ लागले, आणि त्या साठवणीत लाल पेशी टिकल्या तरी प्लेटलेट्स गेल्या. त्या काचेला चिकटतात आणि थंडीत बिघडतात. म्हणजे बेथेस्डातल्या मुलांना रक्त मिळत होते, पण नेमका हवा तो भाग त्यात उरलेला नसे. १९५९ साली फ्रायराइख आणि सहकाऱ्यांनी ताजे रक्त आणि साठवलेले रक्त यांची रीतसर तुलना छापली. प्लेटलेट्स वाढल्या त्या ताज्या रक्ताने. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सेंट्रिफ्यूज आल्यावर प्लेटलेट्स वेगळ्या काढून देता येऊ लागल्या. त्याच संस्थेच्या नोंदींनुसार १९५४ ते १९५९ या काळात ल्युकेमियाच्या मृत्यूंपैकी ६७ टक्क्यांत रक्तस्राव हे कारण होते. १९६० ते १९६३ मध्ये ते ३७ टक्क्यांवर आले.

आता हिशोबाची गरज पडली. किती प्लेटलेट्स असल्या म्हणजे माणूस सुरक्षित? लॉरेन्स गेडोस, फ्रायराइख आणि नेथन मँटेल यांनी १९६२ मध्ये ९२ ल्युकेमिया रुग्णांच्या रोजच्या नोंदी मांडल्या. रोज प्लेटलेट्स किती आणि त्या दिवशी रक्तस्राव झाला की नाही, असा तो साधा ताळा. (मँटेल म्हणजे संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भेटणारे तेच मँटेल.) प्लेटलेट्स जसजशा कमी, तसतसे रक्तस्रावाचे दिवस जास्त. एका मायक्रोलिटर रक्तात वीस हजारांवर प्लेटलेट्स असताना मोठा रक्तस्राव क्वचितच दिसला. पाच हजारांच्या खाली तो फार वाढला. मात्र आलेखात कुठेही पायरी नव्हती. अमुक आकड्याच्या वर निर्धास्त आणि खाली धोका, अशी सीमा सापडत नाही, हे लेखकांनी स्वतःच लिहिले होते.

तरीही रेघ ओढली गेलीच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या रुग्णालयांत नियम बसला: वीस हजारांच्या खाली गेले की द्या. मला यात दोष कोणाचा म्हणावा ते कळत नाही. रात्री दोन वाजता पॅथॉलॉजीचा कागद हातात पडलेल्या निवासी डॉक्टरला आलेख नको असतो, आकडा हवा असतो. पण त्या आलेखात एक जुनी खोटही लपलेली होती. त्या काळी तापाला आणि दुखण्याला ॲस्पिरिन सर्रास देत. ॲस्पिरिन प्लेटलेट्सचे काम बिघडवते हे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात समजले. म्हणजे १९६२ च्या रुग्णांत वीस हजार प्लेटलेट्स असल्या, तरी त्यातल्या कितीतरी नावापुरत्याच होत्या. आकडा मात्र तसाच पुढे चालत राहिला.

त्याला खरा धक्का बसला तो एका न आवडणाऱ्या मोजमापातून. सिएटलच्या शेरिल स्लिक्टर आणि लॉरेन्स हार्कर यांनी अस्थिमज्जा बंद पडलेल्या, पण स्थिर असलेल्या रुग्णांच्या लाल पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि रोजच्या शौचातून किती रक्त जाते ते मोजले. १९७८ मध्ये छापलेले उत्तर असे: प्लेटलेट्स दहा हजारांच्या वर असतील तर दिवसाला पाच मिलिलिटरहून कमी, म्हणजे निरोगी माणसासारखेच. पाच ते दहा हजारांत साधारण नऊ मिलिलिटर. पाच हजारांच्या खाली मात्र पन्नास मिलिलिटर. वीस हजारांपाशी काही घडतच नव्हते. जे काही घडत होते ते पाच हजारांपाशी.

त्याचे कारणही स्लिक्टर यांनीच पुढे १९८५ मध्ये स्टीव्हन हॅन्सन यांच्यासोबत शोधले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात रोज बारीक फटी पडत असतात आणि प्लेटलेट्स तिथे खर्ची पडतात. हा खर्च मायक्रोलिटरमागे दिवसाला सुमारे सात हजार एवढा ठरलेला. ज्याच्याकडे अडीच लाख आहेत त्याला तो जाणवतही नाही. ज्याच्याकडे पंधरा हजार आहेत त्याची रोज जवळजवळ निम्मी शिल्लक त्यातच जाते. म्हणून अशा रुग्णाला चढवलेल्या प्लेटलेट्स आठ-दहा दिवसांचे पूर्ण आयुष्य कधीच जगत नाहीत, दोन-तीन दिवसांत संपतात. याला प्रतिसाद न मिळणे म्हणत नाहीत. हा खर्च अपेक्षितच असतो.

एवढे कळूनही नियम बदलायला आणखी बरीच वर्षे लागली. १९९१ मध्ये झ्युरिकच्या युर्ग ग्म्यूर यांनी १०२ ल्युकेमिया रुग्णांना ताप वा रक्तस्राव नसेल तर पाच हजारांपर्यंत वाट पाहून प्लेटलेट्स दिल्या आणि ते सुरक्षित ठरल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. लोकांनी वाचले, माना डोलावल्या आणि वीस हजारांनाच पिशव्या मागवत राहिले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही सबब खरीही होती.

म्हणून १९९७ चा इटालियन लेख महत्त्वाचा. पाओलो रेबुल्ला आणि सहकाऱ्यांनी २१ केंद्रांतील २५५ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला जुना नियम, वीस हजार. दुसऱ्याला दहा हजार. पण ताप ३८ अंशांवर असेल, रक्त वाहत असेल किंवा शरीरात सुई वा नळी घालण्याची काही प्रक्रिया करायची असेल, तर दहा ते वीस हजारांतही प्लेटलेट्स द्यायच्या. मोठा रक्तस्राव झाला दहा हजारांच्या गटात २१.५ टक्के रुग्णांना आणि वीस हजारांच्या गटात २० टक्क्यांना. फरक नगण्य. प्लेटलेट्स मात्र पाचव्या हिश्शाहून अधिक वाचल्या. दहा हजारांच्या गटात एकाचा मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, आणि त्या वेळी त्याच्या प्लेटलेट्स ३२ हजार होत्या. कोणत्याच गटाच्या नियमाने त्याला त्या दिवशी प्लेटलेट्स मिळाल्या नसत्या. हा एक रुग्ण मला सगळ्या टक्केवारीपेक्षा बोलका वाटतो. आकडा रक्तस्रावाचे एक कारण सांगतो. ताप, जंतुसंसर्ग, वाढलेल्या कर्कपेशी, फाटलेली रक्तवाहिनी ही बाकीची कारणे त्यात दिसतच नाहीत.

मग प्रतिबंधासाठी मुळात द्यायच्याच कशाला? रक्त दिसल्यावरच द्याव्यात, असे म्हणणारे सत्तरच्या दशकापासून होते. तपासायला धजले ते २०१२-१३ मध्ये, जर्मनीत आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियात. ब्रिटिश चाचणीत ६०० रुग्ण होते. दहा हजारांखाली प्रतिबंधक प्लेटलेट्स मिळणाऱ्यांत ४३ टक्क्यांना मध्यम किंवा गंभीर रक्तस्राव झाला, न मिळणाऱ्यांत ५० टक्क्यांना. जर्मन चाचणीत फरक याहून ठळक दिसला, आणि ल्युकेमियाच्या रुग्णांत मेंदूतील रक्तस्राव वाट पाहणाऱ्यांच्या बाजूला जास्त झाले. अपवाद एक: स्वतःच्याच मूळपेशी परत घेणारे प्रत्यारोपणाचे रुग्ण. ब्रिटिश चाचणीत त्यांच्यात ४५ विरुद्ध ४७ टक्के, म्हणजे भेद जवळजवळ नाहीच. केमोथेरपीतल्या ल्युकेमियाला प्रतिबंधक प्लेटलेट्स हव्यातच, हे तेव्हा पक्के झाले. पण ४३ हा आकडाही नजरेआड करू नये. प्लेटलेट्स देऊनही जवळपास निम्म्यांना रक्त वाहतेच.

डोस वाढवून ते कमी होईल, ही आशाही स्लिक्टर यांनीच २०१० मध्ये मोडून काढली. १२७२ रुग्णांना त्यांनी अर्धा, नेहमीचा आणि दुप्पट डोस दिला. तिन्ही गटांत सुमारे ७० टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. दिवसांच्या हिशोबात पाच हजार किंवा त्याखालच्या दिवसांपैकी २५ टक्के दिवशी रक्तस्राव. सहा हजारांपासून थेट ८० हजारांपर्यंत मात्र सरसकट १७ टक्के. पायरी असलीच तर ती पाच हजारांपाशी, जिथे क्रोमियमने ती आधीच दाखवली होती.

हे सगळे अस्थिमज्जा थकलेल्या रुग्णांबद्दल झाले. डेंग्यूचे गणित वेगळे आहे, आणि आपल्याकडे दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईत व्हॉट्सॲपवर ‘एसडीपी तातडीने हवे’ असे संदेश फिरतात ते बहुधा डेंग्यूसाठीच. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर, प्लेटलेट्स वीस हजार किंवा कमी असताना, याची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निकाल आला. प्लेटलेट्स दिलेल्यांपैकी २१ टक्क्यांना रक्तस्राव झाला, न दिलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला. दुष्परिणाम मात्र दिलेल्यांत १३ आणि न दिलेल्यांत दोन. डेंग्यूत मज्जा लवकरच सावरते, आणि जीव बहुधा जातो तो रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने. मोठा रक्तस्राव नसेल तर डेंग्यूत प्लेटलेट्स देऊ नयेत, असे २०२५ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. त्याच मार्गदर्शिकेत केमोथेरपीसाठी दहा हजार कायम आहेत.

आता त्या नाताळच्या अंकातला पहिला लेख. बेथेस्डाच्या वॉर्डातच हे दिसले होते की काही रुग्णांना सुरुवातीला प्लेटलेट्सचा उत्तम उपयोग व्हायचा, पण काही आठवड्यांनी तीच पिशवी पाण्यासारखी वाया जायची. संशय प्रतिपिंडांवर होता. जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवर माणसामाणसात वेगळी असणारी खूण ओळखली होती; आज तिला एचएलए म्हणतात. ही खूण प्लेटलेट्सवरही असते. १९६९ मध्ये बेथेस्डाच्याच रोनाल्ड यँकी आणि सहकाऱ्यांनी प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांना एचएलए जुळणाऱ्या दात्यांच्या प्लेटलेट्स दिल्या, आणि त्या टिकल्या. कारण सापडले होते.

पण प्रतिपिंडे तयार होतात ती मुख्यतः प्लेटलेट्समुळे नव्हे. पिशवीत सोबत आलेल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेला चिथावतात. प्लेटलेट्स त्या रोषाला नंतर बळी पडतात. १९९७ च्या अमेरिकी चाचणीने हेच पारखले. ५३० रुग्ण, चार गट. साध्या प्लेटलेट्स घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे उमटली. पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या किंवा अतिनील किरणांनी निकामी केलेल्या प्लेटलेट्स घेणाऱ्यांत ती १७ ते २१ टक्क्यांतच. प्रतिपिंडांमुळे प्रतिसादच थांबला असे रुग्ण १३ टक्क्यांवरून तीन ते पाच टक्क्यांवर आले. आणखी एक गोष्ट त्यात निघाली. एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या पिशवीने (आपल्याकडची एसडीपी) गाळलेल्या मिश्र पिशव्यांपेक्षा जास्त संरक्षण मिळाले नाही. संरक्षण गाळणीचे होते.

ब्रिटनने १९९९ पासून सगळेच रक्त गाळायला सुरुवात केली, पण वेगळ्याच भीतीने: ‘मॅड काऊ’ रोग पांढऱ्या पेशींतून पसरेल म्हणून. भारतात गाळणी अजून सरसकट नाही.

पिशवी का वाया गेली हे वॉर्डात कसे ओळखतात, ते दोन रुग्णांवर पाहू. दोघेही उदाहरणापुरते.

अडतीस वर्षांची बाई, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, दोन मुले. प्लेटलेट्स सात हजार. नवरा तत्परतेने एसडीपी देतो. पिशवीत साधारण ३०० अब्ज प्लेटलेट्स. पिशवी संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात. या चाचणीला तासभर थांबावे लागत नाही, पण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले तर तिचा अर्थच जातो. आकडा आठ हजार. मोठ्या शरीरात तेवढ्याच प्लेटलेट्स जास्त पसरतात, म्हणून वाढीला शरीराच्या पृष्ठफळाने गुणतात आणि शंभर अब्जांत मोजलेल्या डोसने भागतात. एक हजार गुणिले १.५ चौरस मीटर, भागिले तीन: पाचशे. पाच हजारांहून कमी म्हणजे अपयश. पण एका अपयशावर निकाल देत नाहीत. दुसऱ्या दिवशी रक्तगट जुळणारी, ताजी, परक्या दात्याची पिशवी दिली जाते. आठ हजारांचे अकरा होतात: उत्तर दीड हजार. लागोपाठ दोनदा, आणि तेही दहाच मिनिटांत प्लेटलेट्स नाहीशा, म्हणजे प्रतिपिंडांचा संशय दाट.

पहिल्यांदाच प्लेटलेट्स घेणाऱ्या बाईला प्रतिपिंडे आली कुठून? बाळंतपणांतून. पोटातल्या बाळाच्या निम्म्या एचएलए खुणा बापाच्या असतात आणि आईचे शरीर त्यांना ओळखून ठेवते. म्हणून नवऱ्याच्या प्लेटलेट्स बायकोला देणे ही प्रेमाने केलेली, पण सर्वांत वाईट निवड. भावंडांचेही सांभाळून. पुढे त्यांच्याच मूळपेशी घेऊन प्रत्यारोपण करण्याचा विचार असेल, तर त्यांच्या प्लेटलेट्स आधी देत नाहीत. प्रत्यारोपण फेटाळले जाण्याची शक्यता वाढते. तिची प्रतिपिंडे तपासली जातात, ती ज्या खुणांवर तुटून पडतात त्या टाळणारा दाता शोधला जातो, किंवा तिचे रक्तद्रव्य निरनिराळ्या पिशव्यांशी जुळवून पाहतात. असा दाता मिळाला आणि सातचे एकोणतीस हजार झाले, तर उत्तर अकरा हजार: पिशवी कामाला आली.

शेजारच्या खाटेवरचा पुरुष वेगळा आहे. बुरशीचा संसर्ग, ताप, वाढलेली प्लीहा. दहा मिनिटांनी त्याचे नऊ हजारांचे तेहतीस होतात. १.८ चौरस मीटरच्या शरीराला उत्तर १४,४००, म्हणजे उत्तम. दुसऱ्या सकाळी मात्र पुन्हा दहा हजार. त्याच्या प्लेटलेट्स नाकारल्या गेल्या नाहीत, खर्ची पडल्या. प्रतिसाद न मिळणाऱ्यांत असेच रुग्ण बहुसंख्य असतात, आणि त्यांना एचएलए जुळवून काही साधत नाही. ताप उतरावा, संसर्ग आटोक्यात यावा, हाच उपाय.

दोघांचेही सकाळचे कागद सारखेच दिसतात: सात हजार, दहा हजार. फरक कळतो तो फक्त त्या दहा मिनिटांच्या नमुन्यातून, आणि तोच घ्यायचा राहतो. पिशवी संपते, सुई काढली जाते, परिचारिका पुढच्या खाटेकडे वळते, आणि पहाटेच्या नेहमीच्या तपासणीत आकडा कमी दिसला की आणखी एक पिशवी मागवली जाते. त्या बाईला अशी कोणाचीही पिशवी देत राहण्याने फायदा शून्य. ताप, पुरळ आणि फुप्फुसाचे धोके मात्र खरे. तिला जुळणारा दाता मिळेपर्यंत दहा हजारांचा नियम लागू करता येत नाही. रक्त वाहत नसेल तर वाट पाहायची, आणि वाहू लागले तर जे मिळेल ते, जास्त प्रमाणात आणि वारंवार द्यायचे.